आजीचे टाके चुकू लागले तेव्हा

आजीच्या विणकामात चुका होऊ लागल्या आहेत हे घरात सर्वांत आधी माझ्या लक्षात आले, आणि तरीही त्याचा अर्थ कळायला मला जवळजवळ एक वर्ष लागले. आजी आता ७४ वर्षांची आहे आणि लहानपणापासून लोकर विणत आली आहे. बोलता बोलता, दुसरीकडे पाहत, सुईवरचे टाके मोजण्याची तिला इतकी सवय होती की मोजणे चालू आहे हे समोरच्याला जाणवतही नसे. मग ती एकाच ओळीचे टाके दोन-तीनदा मोजू लागली. एके दिवशी स्वेटरच्या दोन्ही बाह्या विणून झाल्यावर त्या एकमेकींवर ठेवून पाहिल्या, तर एक बाही ५२ टाक्यांची होती आणि दुसरी ५८ टाक्यांची. त्या मांडीवर घेऊन ती बराच वेळ नुसती पाहत बसली आणि मग मला म्हणाली, "ह्या दोन्ही मीच विणल्यात का गं?"

त्याच सुमारास तिच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या होत्या. सुरुवात दोन्ही पायांच्या बोटांपासून झाली आणि काही महिन्यांत मुंग्या घोट्यापर्यंत पोहोचल्या. "जमिनीवर पाय ठेवला की तळव्याखाली कापूस ठेवल्यासारखा वाटतो," असे ती म्हणत असे. हे वाक्य तिने आम्हा सर्वांना अनेकदा सांगितले होते. पुढे कळले की बी-१२ जीवनसत्त्वाच्या उणिवेने मज्जातंतू बिघडलेले अनेक रुग्ण आपली तक्रार साधारण अशाच शब्दांत सांगतात; आम्ही मात्र तो तिच्या बोलण्याचा एक लाडका प्रकार समजत राहिलो.

या दोन तक्रारींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असे कोणाच्या मनातही आले नाही. विसरणे वयाच्या खाती जमा झाले आणि त्यासाठी डॉक्टरांकडे जायचे असते हे आम्हाला सुचलेच नाही. पायांसाठी मात्र आम्ही तिला एका डॉक्टरांकडे नेले. त्यांनी मधुमेह आहे का हे तपासले, आणि तो नव्हता. हिमोग्लोबिन १०.१ होते, म्हणजे थोडे कमी. त्यांनी लोह आणि फोलिक ॲसिडच्या गोळ्या लिहून दिल्या आणि पायांच्या मुंग्या अशक्तपणामुळे असतील असे सांगितले. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.९ झाले. आकडा वाढला म्हणून आम्ही समाधानी झालो. मुंग्या मात्र याच तीन महिन्यांत घोट्यावरून नडगीपर्यंत चढल्या होत्या.

खरी कलाटणी मिळाली ती एका सकाळी, तोंड धुताना. आजी बेसिनसमोर उभी राहून चेहऱ्याला साबण लावत होती. तिने डोळे मिटले आणि ती एकदम पुढे झुकली, कपाळ नळावर आपटणार एवढ्यात मी तिला धरले. तिला चक्कर आली नव्हती, डोळ्यांपुढे अंधारीही आली नव्हती. ती म्हणाली, "डोळे मिटले की पाय कुठे आहेत तेच कळत नाही." रात्री दिवा न लावता उठले की भिंत धरावी लागते, हेही तिने त्याच दिवशी पहिल्यांदा सांगितले. दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिला मज्जासंस्थेच्या विकारांच्या एका तज्ज्ञ डॉक्टरांकडे घेऊन गेलो.

त्या बाईंनी रिपोर्टांची फाइल बाजूला ठेवली आणि आधी आजीचे पाय उघडे करून तपासायला घेतले. त्यांनी नादकाटा, म्हणजे ट्यूनिंग फोर्क, हातावर आपटून त्याची दांडी आजीच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवली आणि विचारले, "आजी, काय जाणवतंय?"

"थंड लागतंय," आजी म्हणाली.

"थरथर?"

"नाही."

घोट्याच्या हाडावरही तेच उत्तर आले. गुडघ्यावर काटा टेकवल्यावर मात्र ती लगेच म्हणाली, "हां, इथे थरथरतंय." मग डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगून तिचा अंगठा दोन्ही बाजूंनी हलकेच धरला आणि तो कधी वर, कधी खाली केला, तो कोणत्या दिशेला गेला हे तिने सांगायचे होते. दहापैकी चार वेळा तिचे उत्तर चुकले, आणि बरोबर आलेली उत्तरेही ती अडखळतच देत होती. शेवटी पाय जुळवून उभे राहायला सांगितले. डोळे उघडे असताना ती स्थिर उभी राहिली, पण डोळे मिटताच दोन-तीन सेकंदांत डोलू लागली. डॉक्टरांचा हात तिच्या पाठीमागे तयारच होता.

शरीराचा कोणता भाग कुठे आहे याची जाणीव आणि कंपनाची जाणीव या दोन्ही पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूच्या मागच्या भागातून मेंदूकडे जातात. तिथल्या तंतूंवरचे मायलिन नावाचे आवरण खराब झाले की मेंदूला पायांची बातमी मिळेनाशी होते, आणि माणूस नकळत डोळ्यांच्या आधाराने तोल सांभाळू लागतो. म्हणूनच आजी दिवसा बरी चालत होती आणि साबण लावताना पडत होती. ही खूण सांगायला एक मिनिटही लागत नाही. आम्हाला ती वर्षभर कोणी विचारली नव्हती आणि आम्हीही तिच्याकडे कधी पाहिले नव्हते.

त्यानंतर स्मरणशक्तीची छोटी चाचणी झाली. डॉक्टरांनी चेंडू, नदी आणि किल्ली हे तीन शब्द सांगितले, मध्ये दुसरे प्रश्न विचारले आणि पाच मिनिटांनी ते शब्द पुन्हा विचारले. आजीला फक्त नदी आठवली. शंभरातून सात-सात वजा करताना ती ८६ वर थांबली आणि माझ्याकडे पाहू लागली. एकूण ३० पैकी २२ गुण मिळाले. जिने घराचे हिशोब आयुष्यभर तोंडी केले तिला अशा वजाबाकीवर अडलेली पाहणे मला फार जड गेले. डॉक्टरांनी तिची जीभही पाहिली. ती लालसर आणि गुळगुळीत झाली होती, तिच्यावरचा खरखरीतपणा नाहीसा झाला होता. मग हातांच्या बोटांच्या पेरांवरचा काळसरपणा बघत त्यांनी विचारले, "हे आधीपासून होतं का?" नव्हते. उन्हाचा परिणाम असेल असे आम्ही धरून चाललो होतो.

मग त्यांनी आहाराबद्दल विचारले. आजी जन्मापासून पूर्ण शाकाहारी आहे, अंडेही खात नाही. पण ती तर सत्तर वर्षे अशीच जेवत आली होती, मग आताच काय झाले, हा माझा प्रश्न होता. त्याच्या उत्तरासाठी डॉक्टरांनी आम्हाला मागची पाच-सहा वर्षे आठवायला लावली. पूर्वी आजी सकाळ-संध्याकाळ पेलाभर दूध पीत असे. पोटात गुबारा धरतो म्हणून पाच वर्षांपूर्वी तिने ते सोडले, आणि चहातल्या चमचा-दोन चमचे दुधाखेरीज तिच्या पोटात दूध जाईनासे झाले. त्याच काळात पित्तासाठी पँटोप्राझोलची गोळी सुरू झाली होती. ती मुळात सहा आठवड्यांसाठी दिलेली होती. बरे वाटते म्हणून आजी ती पाच वर्षे रोज घेत राहिली, आणि नवी पाकिटे आणून देणारे आम्हीच होतो.

डॉक्टरांचा संशय बी-१२ या जीवनसत्त्वाच्या उणिवेवर होता. त्याचे शास्त्रीय नाव कोबालामिन, कारण त्याच्या रेणूच्या मध्यभागी कोबाल्ट या धातूचा अणू असतो. वनस्पती ते तयार करत नाहीत आणि त्यांना त्याची गरजही नसते. ते बनवतात काही सूक्ष्मजीव. तिथून ते प्राण्यांच्या शरीरात आणि दुधात येते, म्हणून मांस, मासे आणि अंडी न खाणाऱ्यासाठी दूध आणि दुधाचे पदार्थ हाच त्याचा नैसर्गिक आधार असतो. डाळी आणि पालेभाज्या कितीही खाल्ल्या तरी ही उणीव त्यांतून भरून निघत नाही. आपली गरज फार थोडी, दिवसाला सुमारे २.४ मायक्रोग्राम एवढीच असते. पेलाभर दुधातून साधारण एक मायक्रोग्राम मिळते, म्हणजे दोन पेले दूध आणि थोडे दही यांवर आजीचे कसेबसे भागत होते. शिवाय यकृतात काही मिलिग्रॅम साठा असतो आणि तो वर्षानुवर्षे पुरतो, त्यामुळे पुरवठा बंद झाल्याचे लगेच कळत नाही.

पित्ताच्या गोळीने दुसरी वाट अडवली होती. अन्नातले बी-१२ प्रथिनांना चिकटलेले असते आणि ते सुटे व्हायला जठरातले आम्ल लागते. त्यानंतर जठरातूनच स्रवणारे एक प्रथिन त्याला पुढे आतड्यात धरून ठेवते आणि लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात ते रक्तात शोषले जाते. आजीच्या पोटात मुळात थोडेसेच येत होते, आणि जे येत होते तेही आम्लाअभावी अन्नातून नीट सुटत नव्हते. एकट्या शाकाहाराने किंवा एकट्या गोळीने कदाचित एवढे झाले नसते.

फोलिक ॲसिडचे कोडेही त्याच दिवशी उलगडले. लाल पेशी तयार व्हायला फोलिक ॲसिड आणि बी-१२ दोन्ही लागतात. बी-१२ कमी पडले की पेशी आकाराने मोठ्या आणि संख्येने कमी होतात. अशा वेळी बाहेरून भरपूर फोलिक ॲसिड मिळाले तर रक्ताचे काम बऱ्यापैकी पुढे सरकते आणि हिमोग्लोबिन वाढते, पण मज्जातंतूंना त्याचा उपयोग होत नाही आणि त्यांची झीज चालूच राहते. पहिल्या रिपोर्टमध्ये एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचे सरासरी आकारमान, १०३ होते. १०० च्या वर ते वाढलेले समजतात. तो आकडा कागदावर छापलेला होता, पण आमच्यापैकी सर्वांनी फक्त हिमोग्लोबिनची ओळ वाचली होती. गोळ्यांनंतर तो ९८ वर आला आणि उरलेली खूणही पुसली गेली.

उपचार सुरू करण्याआधी रक्त घेणे आवश्यक आहे, यावर डॉक्टर ठाम होत्या, कारण एक इंजेक्शन दिल्यानंतर रक्तातले प्रमाण इतके वाढते की मग तपासणीला अर्थ उरत नाही. दोन दिवसांनी रिपोर्ट आला. बी-१२ चे प्रमाण २१४ होते आणि शेजारी २०० ते ९०० अशी मर्यादा छापलेली होती. लाल खूण नव्हती. मी तो कागद हातात धरून बराच वेळ उभी राहिले, कारण हे कारण नसेल तर मग विसरण्याचे दुसरे कारण कोणते, याची मला धास्ती वाटत होती.

डॉक्टरांनी तो आकडा पाहून मान हलवली आणि म्हणाल्या, "एवढ्यावर मी थांबणार नाही." ही तपासणी रक्तातले एकूण बी-१२ मोजते, पण त्यातला मोठा भाग अशा प्रथिनाला बांधलेला असतो की तो बहुतेक पेशींच्या उपयोगी पडत नाही. २०० ते ३०० या पट्ट्यात म्हणूनच खात्रीने काही सांगता येत नाही, आणि लक्षणे अशी स्पष्ट असतील तर पेशींना बी-१२ मिळते आहे की नाही हे दुसऱ्या बाजूने पाहावे लागते. बी-१२ अपुरे पडले की होमोसिस्टीन आणि मिथाइलमॅलोनिक ॲसिड हे दोन पदार्थ वापरले न जाता रक्तात साचतात. आजीचे होमोसिस्टीन ३१ आले, जे १५ च्या आत असायला हवे होते. ते फोलिक ॲसिडच्या उणिवेनेही वाढते, पण आजी तर ते महिनोनमहिने घेत होती. मिथाइलमॅलोनिक ॲसिडची मर्यादा ०.४ होती आणि आजीचे १.२ निघाले. मूत्रपिंड नीट काम करत नसेल तर तेही वाढते, म्हणून ती तपासणी आधीच करून घेतली होती आणि ती ठीक होती. थायरॉइडही ठीक होते. आता शंका उरली नाही.

इंजेक्शन घ्यायच्या आधी आजीने डॉक्टरांना स्वतः विचारले, "हे कशापासून काढतात? मी मांसाचं काही घेणार नाही." मला वाटले डॉक्टर हा प्रश्न हसण्यावारी नेतील, पण त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि नीट समजावून सांगितले. औषधातले बी-१२ मोठ्या टाक्यांमध्ये सूक्ष्मजीव वाढवून तयार करतात, त्यासाठी प्राणी लागत नाही. पुढे गोळी घ्यायची तेव्हा कॅप्सूल टाळा, कारण तिचे आवरण बहुधा जिलेटिनचे असते. साधी गोळी घ्या आणि घेण्याआधी पाकीट वाचा, असेही त्यांनी सुचवले. घरातल्या काहींनी आजीला अंडी सुरू करायला सांगितले होते. डॉक्टर म्हणाल्या, "आजी, तुम्हाला नको असेल तर काही गरज नाही. औषधाने पूर्ण भागतं." त्या एका वाक्यानंतर आजी उपचाराला मनापासून तयार झाली. कोणी तरी शेवाळाच्या गोळ्याही सुचवल्या होत्या. त्यांत बी-१२ सारखा दिसणारा पण माणसाच्या शरीराला न चालणारा पदार्थ असतो, म्हणून त्या बाजूला ठेवल्या.

पहिले तीन आठवडे १००० मायक्रोग्रामचे हायड्रॉक्सोकोबालामिन एक दिवसाआड दंडाच्या स्नायूत दिले गेले, नंतर दोन महिने आठवड्यातून एकदा. पित्ताची गोळी हळूहळू कमी करत बंद केली, कारण ती एकदम सोडली तर पित्त उसळते. एका विकारात शरीर स्वतःच्याच जठराविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि बी-१२ शोषले जात नाही, म्हणून ती आहेत का हेही तपासले. ती आढळली नाहीत. पण ती न आढळणे म्हणजे तो विकार नाहीच असे नसते, असे सांगून डॉक्टरांनी पुढच्या गोळ्या त्या हिशोबानेच मोठ्या ठरवल्या.

आठवडाभरात जिभेची आग थांबली आणि आजीला भूक लागू लागली. दुसऱ्या आठवड्यात मात्र मुंग्या उलट वाढल्या, रात्री तळपाय जळत असल्याचे ती सांगू लागली आणि मी घाबरून फोन केला. सुरुवातीला असे होऊ शकते, उपचार थांबवू नका, एवढेच उत्तर मिळाले. चौथ्या आठवड्यापासून आग ओसरू लागली. तिसऱ्या महिन्यात नादकाट्याची थरथर घोट्यावर जाणवली आणि मिथाइलमॅलोनिक ॲसिड ०.३ वर आले. रक्तातले बी-१२ पुन्हा मोजलेच नाही, कारण इंजेक्शने चालू असताना तो आकडा काहीच सांगत नाही.

सहाव्या महिन्यात स्मरणशक्तीच्या चाचणीत ३० पैकी २७ गुण मिळाले. तिन्ही शब्द आठवले, आणि वजाबाकी ६५ पर्यंत न अडखळता झाली. तरीही नावे अजून तिला चकवतात, आणि यातले किती बी-१२ मुळे होते आणि किती वयामुळे, हे सांगता येणार नाही असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. विसरण्याची सुरुवात होऊन एखादे वर्ष झाले असेल तोवर सुधारण्याची शक्यता चांगली असते. फार उशीर झाला की औषधाने झीज थांबते, गेलेले परत येतेच असे नाही. ते वर्ष जवळजवळ भरत आले होते, हा विचार माझी पाठ सोडत नाही.

आता आजी रोज १००० मायक्रोग्रामची एक साधी गोळी घेते. गरजेच्या चारशे पट असलेला हा आकडा वाचून मी दचकले होते, पण त्यामागचे गणित सरळ आहे. गोळीतले बी-१२ प्रथिनाला चिकटलेले नसल्यामुळे त्याला आम्लाची वाट पाहावी लागत नाही, आणि जठरातून येणारे प्रथिन अजिबात नसले तरी दिलेल्या मात्रेपैकी सुमारे एक टक्का आतड्यातून आपसूक झिरपतो. हजाराचा एक टक्का म्हणजे १० मायक्रोग्राम, आणि दिवसाची गरज २.४ आहे. गोळी कायमची आहे, हे तिने मान्य केले आहे. पाकीट संपायला आठ दिवस उरले की ती स्वतः आठवण करून देते.

ती ५८ टाक्यांची बाही तिने उसवली आणि ५२ टाक्यांवर पुन्हा विणली. डाव्या पायाच्या अंगठ्याला थरथर अजून कळत नाही, आणि तोंड धुताना ती उजव्या हाताने साबण लावते, डावा हात बेसिनच्या कडेवर असतो.